सरासरीच्या तळाशीच का छेद?

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत खर्चाच्या प्रकरणात एक आकृती असते. सरासरी खर्चाचा वक्र पसरट वाडग्यासारखा आधी खाली येतो, मग वर जातो. सीमांत खर्चाचा वक्र त्याच्या आधीच खाली उतरून, आधीच वळून, वर चढता चढता त्याला छेदतो. हा छेद नेमका वाडग्याच्या तळाशी होतो, तळाच्या थोडा डावीकडे किंवा उजवीकडे कधीच नाही. उद्योग गुळाचा असो, सुताचा असो की सिमेंटचा. देश कुठलाही, काळ कुठलाही. बहुतेक विद्यार्थी ही गोष्ट पाठ करतात आणि परीक्षेत काढून दाखवतात. माणसांच्या व्यवहाराचं वर्णन करणाऱ्या शास्त्रात इतकी काटेकोर, अपवाद न मानणारी गोष्ट आली कुठून, हा प्रश्न मात्र वहीत उतरत नाही.

तो उलगडण्यासाठी मोठ्या कारखान्याची गरज नाही. कोल्हापूरकडचं एक गुऱ्हाळ घेऊ. पुढचे आकडे हिशेब सुटसुटीत व्हावा म्हणून कल्पिलेले आहेत. कामाची रीत मात्र खरी आहे.

ऊस घाण्यात गाळून रस काहिलीत घेतात आणि खाली चुलवाण पेटवतात. रस तापला की वर येणारी मळी काढत राहायची, रस स्वच्छ व्हावा म्हणून भेंडीचा चीक घालायचा आणि पाक ११८ अंशांच्या आसपास पोचला की काहील उतरवायची. ती वेळ ओळखणारा माणूस म्हणजे गुळव्या. त्याचा अंदाज चुकला तर गूळ मऊ राहतो किंवा करपतो. एका काहिलीच्या अशा एका खेपेला आधण म्हणतात. एका आधणाला साधारण तीन तास लागतात. म्हणजे एकच काहील असेल तर दिवसरात्र चुलवाण पेटतं ठेवूनही चोवीस तासांत आठाच्या वर आधणं निघणार नाहीत.

आपल्या गुऱ्हाळात ऊस शेतकऱ्याचा आहे. मालक फक्त गाळून, गूळ करून देतो आणि आधणामागे मजुरी घेतो. त्यामुळे उसाची किंमत हिशेबात धरायची नाही. मालकाचा खर्च दोन तऱ्हेचा. जागेचं भाडं, घाण्याच्या कर्जाचा हप्ता आणि गुळव्याचा ठरलेला रोज हे दिवसाला ३,६०० रुपये. एक आधण काढा किंवा आठ, यात फरक पडत नाही. हा स्थिर खर्च. उरलेला म्हणजे मजुरांची मजुरी, जळण, वीज हा आधणांच्या संख्येप्रमाणे बदलतो. दोन्ही मिळून एकूण खर्च. एकूण खर्चाला आधणांच्या संख्येनं भागलं की सरासरी खर्च, आणि आणखी एक आधण काढल्यानं एकूण खर्चात जी भर पडते तो त्या आधणाचा सीमांत खर्च.

| आधणं | एकूण खर्च (रु.) | सीमांत खर्च (रु.) | सरासरी खर्च (रु.) |
|---|---|---|---|
| ० | ३,६०० | – | – |
| १ | ५,००० | १,४०० | ५,००० |
| २ | ६,००० | १,००० | ३,००० |
| ३ | ६,९०० | ९०० | २,३०० |
| ४ | ८,००० | १,१०० | २,००० |
| ५ | ९,५०० | १,५०० | १,९०० |
| ६ | ११,४०० | १,९०० | १,९०० |
| ७ | १४,००० | २,६०० | २,००० |
| ८ | १७,६०० | ३,६०० | २,२०० |

आधी तिसरा रकाना पाहा, कारण सगळी हालचाल तिथून सुरू होते. पहिल्या आधणाला १,४०० रुपये लागतात, कारण चुलवाण थंड आहे. भिंती तापेपर्यंतच बरंच जळण खर्ची पडतं. दुसऱ्या आधणाच्या वेळी चुलवाण तापलेलं असतं, माणसांचे हात कामाला बसलेले असतात. खर्च १,००० वर येतो. तिसऱ्याला ९००. इथून पुढे मात्र अडचणी सुरू होतात. चुलवाणात घालायचं चिपाड उन्हात वाळवावं लागतं. वाळलेला साठा चौथ्या-पाचव्या आधणापर्यंत कमी होऊ लागतो. ओलं चिपाड धूर करतं पण जाळ धरत नाही, म्हणून लाकूड विकत आणावं लागतं. सहाव्या आधणापर्यंत रात्र झालेली असते आणि रात्रीची मजुरी जास्त द्यावी लागते. सातव्याला दुसरी टोळी बोलवावी लागते. आठव्याच्या वेळी सलग चालून घाणा कुरकुरायला लागलेला असतो. काम अडलं की गाळलेला रस तसाच पडून राहतो, आणि पडून राहिलेला रस आंबू लागतो. आंबल्या रसाचा गूळ नीट बसत नाही, म्हणून तिथे माणसं वाढवून घाई करावी लागते. म्हणजे आधी खाली येऊन मग चढण्याचं कारण पूर्णपणे गुऱ्हाळाचं आहे: चुलवाणाचं, चिपाडाचं, माणसांच्या थकव्याचं. दुसऱ्या धंद्यात कारणं दुसरी असतील.

चौथा रकाना तसा नाही. त्याला गुऱ्हाळाची काही माहिती लागत नाही. एक आधण वाढलं की सरासरीचं काय होईल, हे ठरवायला फक्त दोन आकडे पुरतात: आत्तापर्यंतची सरासरी आणि नव्या आधणाचा सीमांत खर्च. नवा आकडा जुन्या सरासरीपेक्षा कमी असेल तर सरासरी खाली ओढली जाते, जास्त असेल तर वर, आणि तेवढाच असेल तर जागची हलत नाही.

क्रिकेट पाहणाऱ्याला हे लगेच पटेल. डॉन ब्रॅडमन १९४८ साली ओव्हलवर शेवटचा कसोटी डाव खेळायला उतरला तेव्हा त्याच्या नावावर ६,९९६ धावा होत्या आणि तो ६९ वेळा बाद झाला होता, सरासरी १०१.३९. तो शून्यावर गेला आणि सरासरी ९९.९४ वर येऊन कायमची थांबली. शून्यानं सरासरी घसरली यात नवल नाही. पण समजा तो त्या दिवशी पन्नास धावा काढून बाद झाला असता, तरी ती १०१.३९ वरून १००.६६ वर आलीच असती. पन्नास धावा कुणाही फलंदाजासाठी चांगल्या; पण ब्रॅडमनच्या आत्तापर्यंतच्या सरासरीपेक्षा त्या कमी, एवढंच सरासरीला कळतं. नवा आकडा स्वतः मोठा की छोटा याच्याशी तिला घेणंदेणं नसतं.

हाच हिशेब आकड्यांत मांडता येतो:

नवी सरासरी − जुनी सरासरी = (सीमांत खर्च − जुनी सरासरी) ÷ नवी संख्या

तक्त्यावर पडताळून पाहा. चार आधणांची सरासरी २,००० आहे आणि पाचव्याचा सीमांत खर्च १,५००. फरक उणे ५००. त्याला पाचानं भागलं की उणे १००. सरासरी २,००० वरून १,९०० वर आली. सहा आधणांची सरासरी १,९००, सातव्याचा सीमांत खर्च २,६००. फरक अधिक ७००, सातानं भागून अधिक १००. सरासरी पुन्हा २,०००. आठव्याला ३,६०० वजा २,००० म्हणजे १,६००, आठानं भागून २००, सरासरी २,२००. पहिल्या आधणाआधी सरासरीच नसते, म्हणून तेवढी ओळ सोडली तर हे सूत्र तक्त्यात कुठेही चुकणार नाही. ते सरासरीच्या व्याख्येतूनच निघतं.

आता छेदाचं गूढ उरत नाही. सीमांत खर्च सरासरीच्या खाली आहे तोवर सरासरी उतरत राहणार. सीमांत वर गेला की सरासरी चढत राहणार. मग सरासरी उतरायची थांबून चढायला लागते ती जागा कुठली? सीमांत खर्च सरासरीच्या खालून निघून वर जातो तीच. वाडग्याचा तळ आणि दोन वक्रांचा छेद या दोन वेगळ्या घटना योगायोगानं एका ठिकाणी येत नाहीत; ही एकच घटना आहे, दोन नावांनी सांगितलेली. आपल्या तक्त्यात ती पाचव्या आणि सहाव्या आधणाच्या मध्ये घडते. सहाव्याचा सीमांत खर्च १,९००, आधीची सरासरी १,९००, म्हणून नंतरची सरासरीही १,९००.

इथे एक गल्लत हमखास होते. तक्त्यात सीमांत खर्च चौथ्या आधणापासूनच वाढू लागला आहे: ९०० वरून १,१००, मग १,५००. तरी त्याच दोन ओळींत सरासरी २,३०० वरून २,००० आणि तिथून १,९०० अशी उतरतेच आहे. ‘पुढचं आधण महाग पडू लागलं, म्हणजे सरासरीही वाढायला हवी’ असं वाटणं साहजिक असलं तरी खोटं आहे. सीमांत खर्च चढतो आहे की उतरतो आहे याची सरासरीला पर्वा नसते. तो आपल्या वर आहे की खाली, एवढंच तिला लागतं. त्यामुळे सीमांत खर्चाचा तळ नेहमी सरासरीच्या तळाच्या आधी येतो आणि छेदाच्या ठिकाणी सीमांत वक्र चढताच असतो. तो उतरता असताना सरासरीला छेदेल, तर वरून खाली जाईल. त्या जागी सरासरीचा तळ न होता शिखर होईल. विद्यार्थ्यानं काढलेल्या आकृतीत दोन्ही वक्रांचे तळ एकाखाली एक आले असतील, किंवा छेद तळाच्या उजवीकडे सरकला असेल, तर आकडे न बघताही ती चुकली आहे असं सांगता येतं.

तक्ता आणि वक्र यांच्यात एक बारीक फरक आहे, त्यानंही माणसं अडखळतात. सीमांत खर्च सहाव्या ओळीत लिहिला असला तरी तो मुळात पाच ते सहा या टप्प्याचा खर्च आहे. आलेखावर तो साडेपाचाच्या वर मांडणं जास्त बरोबर. आणि पूर्ण आधणांच्या हिशेबात दोन आकडे प्रत्येक वेळी तंतोतंत जुळतीलच असं नाही. सहावं आधण १,९०० ऐवजी २,००० ला पडलं असतं, तर सहा आधणांची सरासरी साधारण १,९१७ झाली असती आणि तळ पाचव्यावर असता. तिथे सीमांत खर्च कुठेच १,९०० नसता; पाचव्याचा त्याच्या खाली, सहाव्याचा वर. छेद झाला, पण दोन ओळींच्या मधल्या फटीत. वक्र सलग काढला की ही फट बुजते आणि समानता नेमकी मिळते.

आलेखावर हीच गोष्ट मोजपट्टी ठेवूनही दिसते. आडव्या अक्षावर आधणं, उभ्यावर एकूण खर्च. मूळबिंदूपासून वक्रावरच्या कुठल्याही बिंदूपर्यंत पट्टी ठेवा. पट्टीचा चढ म्हणजे त्या ठिकाणचा सरासरी खर्च. वक्राचा स्वतःचा चढ म्हणजे सीमांत खर्च. पट्टीचं एक टोक मूळबिंदूवर दाबून दुसरं खाली आणत गेलं तर एका जागी ती वक्राला नुसती टेकते. आणखी खाली नेली की वक्र सुटतो. ती सगळ्यांत सपाट पट्टी, म्हणून तो सगळ्यांत कमी सरासरी खर्च. आणि टेकण्याच्या जागी पट्टी नि वक्र एकाच दिशेनं जात असतात, म्हणजे दोन्ही चढ सारखे.

मला स्वतःला या सगळ्यातला सगळ्यांत देखणा भाग स्थिर खर्च बदलला की दिसतो. समजा जागेच्या मालकानं भाडं वाढवलं, नवा घाणा घेतला, त्याचा हप्ता वाढला आणि ३,६०० चे ७,८०० रुपये झाले. सीमांत खर्चाच्या रकान्यात काय बदलेल? काहीच नाही. सहावं आधण काढायला आजही तेवढंच जळण, तेवढीच माणसं लागतात. भाड्याचा त्याच्याशी संबंध नाही. सरासरी मात्र सगळीकडे वर जाते: चार आधणांना ३,०५०, पाचाला २,७४०, सहाला २,६००, सातालाही २,६००, आठाला २,७२५. तळ वर उचलला गेलाच, शिवाय उजवीकडे सरकला. आणि सरकून कुठे गेला? सातव्या आधणाचा सीमांत खर्च पाहा: २,६००. नेमका तिथेच.

उलट बाजूनं करून बघा. स्वतःची जागा, कर्ज फिटलेलं, म्हणून स्थिर खर्च फक्त १,६००. आता चार आधणांची सरासरी १,५००, पाचाचीही १,५००, सहाची साधारण १,५६७. पाचव्याचा सीमांत खर्च १,५००. तळ खाली आला, डावीकडे सरकला, पण सीमांत खर्चाचा वक्र सोडून गेला नाही. भाडं कितीही असो, प्रत्येक भाड्यासाठी सरासरीचा एक वेगळा वाडगा तयार होतो आणि त्या सगळ्या वाडग्यांचे तळ सीमांत खर्चाच्या त्या एकाच चढत्या रेषेवर ओवलेले असतात. स्थिर खर्च पूर्ण शून्य केला तर उरते ती बदलत्या खर्चाची सरासरी. तिचा तळही त्याच रेषेवर सापडतो. तक्त्यातून स्थिर खर्च वजा करून मोजलं तर तीन आधणांना सरासरी १,१००, चारालाही १,१००. आणि चौथ्याचा सीमांत खर्च १,१००.

हे ज्याला कळलं त्याला भाडं वाढल्यावर मालक काय करतो हेही कळतं. भाडं वाढलं म्हणून आज किती आधणं काढायची हे तो बदलत नाही, कारण पुढच्या आधणाचा खर्च बदललेला नसतो. समजा आधणामागे मजुरी २,७०० रुपये मिळते आहे आणि स्थिर खर्च मूळचा ३,६००. सातव्या आधणाला २,६०० खर्च येतो. काढलं तर शंभर रुपये सुटतात. आठव्याला ३,६००, काढलं तर नऊशेचा फटका. मालक सातावर थांबतो. सातावर सरासरी २,००० आहे, तळाच्या १,९०० पेक्षा जास्त. म्हणजे सरासरी खर्चाचा तळ हे सर्वाधिक नफ्याचं ठिकाण नव्हे; तसं समजण्याची चूक धंदेवालेही करतात. सहा आधणं काढून ‘खर्च कमीत कमी ठेवला’ असं समाधान मानणाऱ्याचा दिवसाचा नफा ४,८००, सात काढणाऱ्याचा ४,९००. मजुरी घसरत १,९०० पर्यंत आली, तर तळ नि दर एका पातळीवर येतात आणि नफा शून्य होतो. त्याहूनही खाली गेली तरी १,१०० च्या वर असेपर्यंत हंगामात गुऱ्हाळ चालू ठेवण्यात शहाणपण असतं: बंद ठेवलं तर ३,६०० पूर्ण अंगावर, चालवलं तर त्यातले काही वसूल होतात. ११०० च्या खाली मात्र चुलवाण पेटवण्यात अर्थ नाही. म्हणून पाठ्यपुस्तकांत सीमांत खर्चाच्या रेषेचा १,१०० पासून वरचा भागच पुरवठ्याची रेषा म्हणून दाखवतात.

या सरकत्या तळांनी एका मोठ्या अर्थशास्त्रज्ञालाही चकवलं. जेकब व्हायनर मूळचे कॅनडातले, शिकागो विद्यापीठात शिकवत. खर्चाच्या वक्रांवरचा त्यांचा लेख १९३१ साली व्हिएन्नाच्या एका नियतकालिकात छापला गेला. आजच्या पुस्तकांतल्या खर्चाच्या आकृत्या बऱ्याच प्रमाणात तिथून आल्या आहेत. व्हायनर यांना लहान कारखान्यापासून मोठ्या कारखान्यापर्यंत प्रत्येकाचा सरासरी वक्र काढून, त्या सगळ्यांना कवेत घेणारा दीर्घकालीन सरासरीचा वक्र दाखवायचा होता. आकृत्या काढायचं काम वाय. के. वाँग यांच्याकडे होतं, ते गणितज्ञ. व्हायनर यांनी सांगितलं: हा मोठा वक्र प्रत्येक छोट्या वक्राच्या तळातून गेला पाहिजे, आणि कुठल्याही छोट्या वक्राच्या वर कुठेही जाता कामा नये. वाँग यांनी सांगितलं की असा वक्र काढता येत नाही.

का येत नाही, हे आपल्याला आता सहज दिसतं. छोट्या वक्राच्या तळाशी तो वक्र अगदी सपाट असतो. कारखाना मोठा होत जाईल तसा खर्च कमी होतो आहे, म्हणजे दीर्घकालीन वक्र त्या जागी उतरता आहे. उतरती रेषा सपाट तळातून गेली, तर तळाच्या लगेच डावीकडे ती तळापेक्षा उंच असणार; म्हणजे छोट्या वक्राच्या वर गेलीच. दोन अटींपैकी एक सोडावीच लागते. तळातून जायचं सोडलं, तर मोठा वक्र प्रत्येक छोट्याला त्याच्या उतरत्या बाजूवर, तळाच्या डावीकडे टेकतो. अर्थ असा, की कारखाना वाढवून स्वस्त होण्याची सोय असेल, तर लहान कारखाना त्याच्या तळापर्यंत ताणण्यापेक्षा थोडा मोठा कारखाना घेऊन तो पूर्ण न वापरणं स्वस्त पडतं. खर्च वाढत्या बाजूला गेला की हेच उलट होतं. फक्त दीर्घकालीन वक्राच्या स्वतःच्या तळाशी दोन्ही तळ जुळतात.

व्हायनर यांनी वाँग यांची हरकत मान्य केली नाही. लेखाच्या तळटीपेत त्यांनी काहीशा मिश्कील सुरात लिहून टाकलं की आरेखक गणितज्ञ आहे, त्याला काही गणिती अडचण दिसते आहे, ती मला समजली नाही आणि माझ्या सूचना त्याच्या गळी उतरवणं मला जमलं नाही. छापलेल्या आकृतीत मोठा वक्र तळांतून जातो, आणि म्हणून जागोजागी छोट्या वक्रांच्या वर येतो. पुढे १९५० साली लेखाला पुरवणी टीप जोडताना व्हायनर यांनी चूक मोकळेपणानं कबूल केली आणि आकृती मुद्दाम तशीच ठेवली: ती चूक शोधून दाखवण्याचा आनंद पुढच्या शिक्षक-विद्यार्थ्यांनाही मिळावा म्हणून.

तळाशी छेद हा नियम कधी मोडत नाही, हे खरं. पण तळ असलाच पाहिजे असा मात्र कुठला नियम नाही. सीमांत खर्च कधी चढलाच नाही तर सरासरी उतरतच राहते आणि छेद येत नाही. सॉफ्टवेअरची आणखी एक प्रत द्यायला जवळजवळ काही लागत नाही. बनवण्याचा खर्च तेवढा प्रचंड. तिथे सीमांत खर्चाची रेषा तळाला लागून सपाट जाते आणि सरासरी तिच्या जवळ येत जाते, पण तिला गाठत नाही. रेल्वे नि पूल यांचंही बरंचसं असंच. मग त्यांचा दर सीमांत खर्चाएवढा ठेवायचा तर नुकसान पक्कं. हॅरॉल्ड होटेलिंग यांनी १९३८ साली ते नुकसान सरकारनं करातून भरून द्यावं असं मांडलं, आणि त्यावरचा वाद अजून संपलेला नाही.

प्रत्यक्ष कारखान्यांतही सीमांत वक्र पुस्तकातल्याइतका वाकलेला असतोच असं नाही. जोएल डीन यांनी अमेरिकेतल्या एका मोजे विणणाऱ्या गिरणीचे खर्चाचे हिशेब तपासून १९४१ साली निष्कर्ष काढला, तेव्हा गिरणी जेवढ्या पल्ल्यात चालत होती त्यात सीमांत खर्च जवळपास सपाट निघाला. त्याचं कारण कळण्यासारखं आहे: काम कमी असलं तर काही यंत्रं बंद ठेवायची, वाढलं की चालू करायची. प्रत्येक यंत्र आपापल्या नेमक्या वेगानंच चालतं, म्हणून प्रत्येक जादा डझनाचा खर्च सारखाच. शेवटचं यंत्र चालू झालं की मात्र पुढे जागाच उरत नाही, आणि सीमांत खर्चाची रेषा एकदम उभी होते. आपल्या गुऱ्हाळात दहा काहिली असत्या तर असंच झालं असतं. अशा कारखान्यात सरासरीचा तळ क्षमतेच्या कडेवर असतो. सीमांत खर्च तिथे सरासरीएवढा होत नाही. खालून एका उडीत तिच्यावर जातो. एखाद्या कारखान्याच्या खर्चाच्या आकृतीत छेद गोल वाडग्याच्या तळाशी न दिसता अशा टोकदार कोपऱ्यात दिसला, तर आधी किती यंत्रं बंद होती ते विचारावं.